रंगीबेरंगी आयकॉनना एका सुरात आणताना

आयफोनच्या होम स्क्रीनवर एका पानात चार उभ्या आणि सहा आडव्या रांगांत २४ आयकॉन बसतात, खालच्या डॉकमध्ये आणखी ४. यातला जवळजवळ प्रत्येक आयकॉन वेगळ्या कंपनीतल्या वेगळ्या माणसाने काढलेला असतो, आणि त्या प्रत्येकाला सांगितलेलं काम मात्र एकच असतं: बाकीच्यांच्या आधी आपला आयकॉन नजरेत भरला पाहिजे. लक्ष्मी रोडवर एकाला एक लागून असलेल्या दुकानांच्या पाट्या जशा एकमेकींच्या वर आवाज काढतात, तसंच इथेही होतं. एक पाटी भडक लाल, शेजारची पांढरीशुभ्र, तिच्या पलीकडे गडद जांभळी. एकेकटी पाहिली तर त्यातली एकही वाईट नसते. सगळ्या एकत्र आल्या की मात्र पडदा विस्कटलेला दिसतो आणि मागे हौसेने लावलेला फोटो हरवून जातो.

हे जुळवून आणायची धडपड लोक बरीच वर्षं करत आहेत. २०२० मध्ये आयओएस १४ आलं तेव्हा Shortcuts हे अ‍ॅप वापरून एक आडवाट निघाली. हव्या त्या अ‍ॅपसाठी एक शॉर्टकट बनवायचा, त्याला स्वतःच्या आवडीचं चित्र लावायचं आणि मूळ आयकॉन नजरेआड करायचा. दिसायला ते सुंदर होई, पण प्रत्येक अ‍ॅपसाठी हे वेगळं करावं लागे. शिवाय अशा नकली आयकॉनवर न वाचलेल्या निरोपांचा लाल आकडा येत नसे. ज्यांनी त्यात संध्याकाळ घालवली, त्यांच्यापैकी कित्येकांनी पुढे तो नाद सोडला.

जून २०२४ मध्ये अ‍ॅपलने आयओएस १८ जाहीर केलं आणि १६ सप्टेंबरला ते सगळ्यांच्या फोनवर पोहोचलं. त्यात पहिल्यांदा आयकॉनचं रूप बदलायची सोय फोनमध्येच आली. होम स्क्रीनवर रिकाम्या जागी बोट दाबून धरा, आयकॉन थरथरू लागतील. डाव्या कोपऱ्यात वर Edit दिसेल, त्यात Customize निवडा. खालून एक पट्टा वर येतो आणि त्यावर चार पर्याय असतात: Automatic, Dark, Light आणि Tinted. Light म्हणजे नेहमीचं रूप. Dark म्हणजे काळसर रूप. Automatic दिवसा एक आणि रात्री दुसरं रूप दाखवतं, म्हणजे फोनचा डार्क मोड चालू होईल तेव्हा आयकॉनही काळे होतात. Tinted म्हणजे सगळे आयकॉन एकाच रंगाच्या छटेत. निवड केली की पानावरचेच नव्हे, सगळ्या पानांवरचे आणि फोल्डरांतले आयकॉन एकदम बदलतात. एकच पान टिंटेड आणि दुसरं साधं, किंवा एकच आयकॉन वगळून बाकीचे डार्क, असं करता येत नाही. म्हणून निवड करताना आपल्या सगळ्या अ‍ॅप्सचा मिळून विचार करावा लागतो.

बहुतेक लोक इथे येतात आणि थेट Tinted वर बोट ठेवतात, कारण एकसारखेपणा त्यातच सगळ्यात ठळक दिसतो. मला हा क्रम चुकीचा वाटतो. डार्क आणि टिंटेड ही एकाच गोष्टीची सौम्य आणि कडक रूपं आहेत असा समज होतो, पण आतून दोन्हींचं काम निराळं आहे. ते कळलं की निवड आपोआप सोपी होते.

आयकॉनचे मनात दोन भाग करा: मागची पार्श्वभूमी आणि तिच्यावरचं चिन्ह. फोन, मेसेज आणि व्हॉट्सअ‍ॅप घ्या. तिघांच्याही मूळ रूपात पार्श्वभूमी हिरवी आणि चिन्ह पांढरं आहे. अ‍ॅपलच्या फोन आणि मेसेजच्या डार्क रूपात ही मांडणी उलटी होते. पार्श्वभूमी काळी होते आणि तिचा हिरवा रंग चिन्हाकडे जातो. कॅलेंडर किंवा फोटोसारख्या पांढऱ्या आयकॉनमधलं पांढरं निघून जातं आणि रंगीत भाग काळ्यावर उरतो. म्हणजे डार्क रूपात रंग कायम राहतो, फक्त तो मोठ्या चौकोनातून लहानशा चिन्हात येतो.

होम स्क्रीन विस्कटलेली दिसते त्याचं खरं कारण इथे सापडतं. आपल्याला वाटतं की रंग फार झाले म्हणून गोंधळ दिसतो. प्रत्यक्षात डोळ्याला सगळ्यात जास्त खटकतो तो उजेडातला फरक. पूर्ण पांढरा चौकोन आणि त्याला चिकटून गडद निळा चौकोन असला की नजर पांढऱ्याकडे ओढली जाते, मग त्या दोन्हींचे रंग एकमेकांना कितीही शोभणारे असोत. डार्क रूप सगळ्या चौकोनांचा उजेड एका पातळीवर आणतं. लाल, हिरवा, निळा, पिवळा सगळे तिथेच असतात, पण समान काळ्या जमिनीवर लहान लहान खुणांसारखे. सुसंगतपणाचा मोठा वाटा इथेच पदरात पडतो आणि ‘हिरवं ते व्हॉट्सअ‍ॅप’ ही वर्षानुवर्षं बोटांत मुरलेली ओळखही शाबूत राहते.

टिंटेड रूप रंग काढूनच टाकतं. आधी आयकॉनचं करड्या छटांमधलं चित्र होतं, जुन्या काळ्या-पांढऱ्या फोटोसारखं, आणि मग त्या चित्रावर तुम्ही निवडलेली एक छटा चढते. करड्यात जे उजळ असेल ते त्या छटेत उजळ दिसतं, जे गडद असेल ते काळ्यात मिसळतं. त्यामुळे टिंटेड रूपात एखादा आयकॉन ओळखू येईल की नाही, हे त्याच्या रंगांवर ठरत नाही. त्या रंगांचा उजेड एकमेकांपासून किती दूर आहे यावर ठरतं.

इथे थोडा हिशेब उपयोगी पडतो. माणसाच्या डोळ्याला सगळे रंग सारखे उजळ वाटत नाहीत. पडद्यावर शुद्ध लाल, हिरवा आणि निळा पूर्ण तेजाने लावले, तर पांढऱ्याच्या उजेडातला सुमारे ७२ टक्के वाटा हिरव्याचा, २१ टक्के लालचा आणि फक्त ७ टक्के निळ्याचा असतो. याच प्रमाणांवरून कुठल्याही दोन रंगांच्या उजेडाचं गुणोत्तर काढता येतं. वेबवरच्या सुगमतेसाठी जे आंतरराष्ट्रीय निकष आहेत, त्यांत आकृती आणि तिच्यामागची जमीन यांच्यात किमान ३ : १ एवढा फरक असावा असं सांगितलं आहे. काळ्या-पांढऱ्यात हाच फरक २१ : १ असतो.

आता तीन आयकॉन तपासू. गडद जांभळ्या पार्श्वभूमीवर पांढरं अक्षर असेल, तर फरक ९ : १ च्या आसपास येतो. असा आयकॉन कुठल्याही छटेत गेला तरी अक्षर स्वच्छ वाचता येतं. दुसरा, पिकलेल्या आंब्यासारख्या पिवळ्यावर पांढरं अक्षर. रंगीत असताना हा आयकॉन प्रसन्न दिसतो, पण फरक जेमतेम १.५ : १ आहे. पिवळ्यात लाल आणि हिरवा दोन्ही भरपूर असल्याने तो पांढऱ्याइतकाच उजळ असतो, म्हणून रंग काढला की अक्षर जमिनीत विरघळतं. तिसरं उदाहरण सगळ्यात फसवं. मध्यम गडद हिरव्यावर मध्यम गडद लाल चिन्ह. रंगीत रूपात ते एकमेकांविरुद्ध किंचाळत असतात, इतके वेगळे दिसतात. उजेडाचा फरक मात्र साधारण १.२ : १ इतकाच असतो. करड्या छटेत तिथे एकसंध चौकोन उरतो.

हे आकडे काढत बसायची गरज नाही, फोन स्वतःच दाखवतो. Settings मध्ये Accessibility, मग Display & Text Size, मग Color Filters उघडा, ते चालू करा आणि Grayscale निवडा. सगळा पडदा काळा-पांढरा होईल. त्याच अवस्थेत होम स्क्रीनवर परत या आणि हात लांब करून फोन बघा. जे आयकॉन नावाकडे न बघता ओळखू येतात ते टिंटेड रूपात तरतील. ज्यांच्यासाठी डोळे बारीक करावे लागतात त्यांची नोंद करा. दुसरा मार्ग म्हणजे होम स्क्रीनचा स्क्रीनशॉट काढून फोटो अ‍ॅपमध्ये त्याला Mono हा फिल्टर लावणं. ही चाचणी अगदी तंतोतंत नसते, कारण अ‍ॅप बनवणाऱ्याने टिंटेडसाठी वेगळं चित्र दिलेलं असेल तर ते मूळ चित्रापेक्षा चांगलंच दिसेल. धोक्याचे आयकॉन कोणते हे मात्र ती आधीच सांगते.

माझ्या भाचीच्या फोनवर आम्ही हे शेवटपर्यंत करून पाहिलं. तिला आजीच्या गावच्या पावसाळी डोंगराचा फोटो मागे ठेवायचा होता आणि सगळे आयकॉन त्यातल्या हिरव्याशी जुळवायचे होते. डॉकमध्ये फोन, मेसेज, व्हॉट्सअ‍ॅप आणि सफारी. वर कॅलेंडर, घड्याळ, कॅमेरा, फोटो, नकाशे, जीमेल, यूट्यूब, पैसे पाठवायची दोन अ‍ॅप्स, बँकेचं अ‍ॅप, रेल्वे तिकिटाचं अ‍ॅप, एक वर्तमानपत्र, जेवण मागवायचं अ‍ॅप आणि एक खेळ.

Grayscale मध्ये पहिली गोष्ट समजली ती डॉकबद्दल. फोन, मेसेज आणि व्हॉट्सअ‍ॅप हे तिघे रंगीत असतानाही हिरवेच होते. म्हणजे तिथे रंग ओळखीच्या कामी येतच नव्हता, बोट आकार आणि जागा यांवर चालत होतं. एक नुसता रिसीव्हर, एक नुसता फुगा आणि एक फुग्यातला रिसीव्हर. रंग गेल्यावरही ते तितकेच ओळखू आले. अ‍ॅपलच्या बाकीच्या अ‍ॅप्सनाही काही अडचण नव्हती, कारण त्यांच्या चित्रांचे आकार एकमेकांपासून लांबचे आहेत: होकायंत्र, घड्याळाचे काटे, कॅमेऱ्याची काच.

अडचण आली चौघांची. वर्तमानपत्राचा आयकॉन पिवळ्या जमिनीवर फिक्या अक्षरांचा होता, तो धुरकट झाला. खेळाच्या आयकॉनमध्ये एक रंगवलेलं आख्खं दृश्य होतं, पात्राचा चेहरा, मागे आकाश, खाली झाडं. त्यात पार्श्वभूमी आणि चिन्ह असे दोन भाग पाडणंच शक्य नव्हतं, आणि करड्यात तो डागासारखा दिसू लागला. आणि पैशांची दोन अ‍ॅप्स, जी मुळात फक्त रंगावरून वेगळी वाटत होती, ती जवळजवळ जुळी दिसायला लागली.

खेळाचा प्रश्न सोपा होता. त्याच्यावर बोट दाबून धरलं, Remove App निवडलं आणि पुढच्या प्रश्नाला Remove from Home Screen असं उत्तर दिलं. अ‍ॅप पुसलं जात नाही, ते फक्त App Library मध्ये राहतं आणि शेवटच्या पानाच्या पुढे सरकलं की सापडतं. जुळवून घेणं ज्या आयकॉनला शक्यच नाही, त्याच्यासाठी हाच उपाय उत्तम. वर्तमानपत्राच्या अ‍ॅपमध्ये आम्ही दुसरा आयकॉन मिळतो का ते बघितलं. २०१७ च्या आयओएस १०.३ पासून अ‍ॅपमध्येच पर्यायी आयकॉन ठेवायची मुभा आहे आणि टेलिग्रामसारखी अ‍ॅप्स ती वापरतात. ती सोय अ‍ॅपच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये असते, त्यामुळे अनेकांना तिचा पत्ताच नसतो. या अ‍ॅपमध्ये ती नव्हती, म्हणून ते एका फोल्डरमध्ये गेलं.

पैशांच्या दोन अ‍ॅप्सनी मात्र निर्णयच बदलला. त्यांना पडद्याच्या दोन टोकांना ठेवून, टिंटेड रूप लावून भाचीने काही दिवस काढले. छटा निवडायला दोन पट्ट्या असतात. एक रंग ठरवते, दुसरी त्या रंगाचा जोर. शिवाय ड्रॉपरचं बटण असतं, त्याने वॉलपेपरमधलाच रंग उचलता येतो. डोंगराच्या हिरव्यावर ड्रॉपर नेला, रंगाचा जोर बराच कमी केला आणि कोपऱ्यातल्या सूर्याच्या बटणाने वॉलपेपर थोडा मंद केला. दिसायला ते फार सुंदर झालं. पण दुकानात घाईत पैसे देताना ती पुन्हा पुन्हा चुकीचं अ‍ॅप उघडत राहिली. शेवटी तिने डार्क घेतलं. डोंगर तसाच राहिला, चौकोन सगळे काळे झाले आणि दोन्ही अ‍ॅप्सना आपापला रंग परत मिळाला. मला विचाराल तर बहुतेकांसाठी योग्य मुक्काम हाच आहे: आधी डार्क, त्यावर आठवडाभर राहून बघणं, आणि Grayscale च्या चाचणीत सगळे आयकॉन पास झाले तरच टिंटेड.

टिंटेड घेतलंच, तर दोन गोष्टी सांभाळा. पहिली म्हणजे नावं काढू नका. त्याच पट्ट्यावर आयकॉन लहान किंवा मोठे करायचा पर्याय असतो आणि Large निवडलं की आयकॉनखालचं नाव जातं. डार्क रूपात ते चालून जातं. टिंटेडमध्ये रंग आधीच गेलेला असतो, आता नावही गेलं तर ओळखायला फक्त आकार आणि जागा उरते. दुसरी गोष्ट जागेचीच. आयओएस १८ पासून आयकॉन हव्या त्या घरात ठेवता येतात, मध्ये रिकामी जागा सोडता येते. त्याचा उपयोग करून रोजची अ‍ॅप्स अंगठा पोहोचतो तिथे खाली घ्या आणि मग त्यांना हलवू नका. रंगाचं काम आता जागेला करायचं आहे.

आणखी काही गोष्टी पडद्यावर वेगळ्या दिसतील, त्यांनी गोंधळून जाऊ नका. न वाचलेल्या निरोपांचा आकडा टिंटेडमध्येही लालच राहतो. एकरंगी पडद्यावर तो आधीपेक्षा जास्त डोळ्यांत भरतो. ज्यांना तो नको असेल त्यांनी Settings मधल्या Notifications मध्ये जाऊन त्या त्या अ‍ॅपचे Badges बंद करावेत, सुसंगत पडद्यासाठी छटेइतकाच हा बदल महत्त्वाचा ठरतो. विजेटांवरही टिंटेडची छटा चढते. हवामानाच्या विजेटला ती शोभते, घरच्यांचे फोटो दाखवणाऱ्या विजेटला मात्र ती मारक ठरू शकते. फोटोंचं विजेट आवडीचं असेल, तर डार्क घेण्याचं हे आणखी एक कारण.

काही आयकॉन मात्र डार्क रूपातही फिकटलेले किंवा जसेच्या तसे का राहतात, याचं उत्तर अ‍ॅप बनवणाऱ्याकडे आहे. अ‍ॅपल त्यांच्याकडून एकाच आयकॉनची तीन चित्रं घेतं, प्रत्येक १०२४ बाय १०२४ पिक्सेलचं. नेहमीचं रंगीत चित्र. डार्कसाठी पार्श्वभूमी पारदर्शक ठेवलेलं चित्र, ज्याच्यामागे काळसर जमीन फोन स्वतः घालतो. आणि टिंटेडसाठी करड्या छटांमधलं चित्र. दुसरं आणि तिसरं दिलं नसेल, तर फोन पहिल्यावरूनच अंदाजाने ती तयार करतो. साध्या जमिनीवर साधं चिन्ह असेल तर अंदाज चांगला जमतो. रंग एकमेकांत मिसळलेले असतील, सावल्या असतील किंवा पूर्ण चित्र असेल, तर फोनला जमीन कुठे संपते आणि चिन्ह कुठे सुरू होतं हेच कळत नाही. अशा आयकॉनबाबत तुमच्या हातात काही नसतं. अ‍ॅप अपडेट झालं की एखाद्या दिवशी तो अचानक सुधारलेला दिसेल.

अँड्रॉइडवर हीच गोष्ट वेगळ्या वाटेने आली. २०१७ च्या अँड्रॉइड ८ मध्ये आयकॉनचे पार्श्वभूमी आणि चिन्ह असे दोन थर झाले, म्हणजे सगळ्यांना एक आकार मिळाला. २०२१ मध्ये अँड्रॉइड १२ आलं तेव्हा पिक्सेल फोनवर गूगलच्या स्वतःच्या अ‍ॅप्सना वॉलपेपरच्या रंगात रंगवायची सोय झाली. २०२२ च्या अँड्रॉइड १३ मध्ये ती इतरांनाही खुली झाली. अट एक होती: अ‍ॅप बनवणाऱ्याने monochrome नावाचा तिसरा, एकरंगी थर द्यायचा. पिक्सेलवर होम स्क्रीन दाबून धरून Wallpaper & style मध्ये Themed icons हा पर्याय सापडतो. सॅमसंगवर वॉलपेपरच्या सेटिंगमध्ये Color palette आहे, आणि तिथला रंग अ‍ॅपच्या आयकॉनना लावायचा की नाही हे ठरवता येतं.

दोन कंपन्यांच्या विचारातला फरक इथे दिसतो. अ‍ॅपलने ठरवलं की थर नसला तरी फोन स्वतः रंग चढवेल, त्यामुळे सगळे आयकॉन एका छटेत येतात, काही चांगले आणि काही ओबडधोबड. गूगलने सुरुवातीला ठरवलं की ज्याने थर दिला नाही त्याला हात लावायचा नाही. त्यामुळे अँड्रॉइडवर बराच काळ चित्र असं राहिलं की दहा आयकॉन शांत निळसर आणि त्यांच्यामध्ये चार-पाच मूळच्या भडक रंगात. अर्धवट जुळलेला असा पडदा मुळात न जुळलेल्यापेक्षाही जास्त खटकतो. म्हणून अशा फोनवर आधी सोय चालू करून कोण मागे राहिलं ते बघावं आणि त्या मागे राहिलेल्यांना एकत्र दुसऱ्या पानावर किंवा फोल्डरमध्ये न्यावं. २०२५ च्या अखेरीस पिक्सेलवर आलेल्या अँड्रॉइड १६ च्या सुधारित आवृत्तीत थर नसलेल्या आयकॉननाही फोनच रंग चढवू लागला. म्हणजे गूगलही अखेर अ‍ॅपलच्या वाटेला आलं.

अ‍ॅपल मात्र तोवर पुढे गेलं होतं. सप्टेंबर २०२५ च्या आयओएस २६ मध्ये Light च्या जागी Default हे नाव आलं आणि Clear हा नवा पर्याय आला, ज्यात आयकॉन काचेसारखे पारदर्शक होतात. टिंटेडमध्येही उजळ आणि गडद असे दोन प्रकार मिळू लागले. Clear बद्दल माझं मत स्पष्ट आहे. साध्या, एका रंगाच्या वॉलपेपरवर तो देखणा दिसतो. चेहरे, झाडं किंवा गर्दी असलेल्या फोटोवर मात्र मागची आकृती आयकॉनमधून दिसत राहते आणि वाचायला त्रास होतो. फोटो दिसावा म्हणून काचेचे आयकॉन लावायचे आणि मग आयकॉनच दिसू नयेत, हा सौदा परवडणारा नाही. भरगच्च फोटोसाठी डार्कच बरं.

एक विनंती मनापासून करावीशी वाटते, ती घरातल्या वडीलधाऱ्यांच्या फोनबद्दल. आई, आजोबा किंवा काकू अ‍ॅपचं नाव वाचून बोट ठेवतातच असं नाही. ‘ते हिरवं दाबायचं’, ‘लाल त्रिकोणावर गाणी’ अशीच त्यांची ओळख असते, आणि ती त्यांनी स्वतःच्या कष्टाने कमावलेली असते. त्यांच्या फोनवर टिंटेड लावणं म्हणजे ती ओळख पुसणं. इंग्रजी नावं वाचायची सवय नसेल तर त्यांना आधार देणारं दुसरं काहीच उरत नाही. ज्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे, त्यांना कमी फरकाच्या छटा तर आणखीनच पुसट दिसतात. रात्री पांढऱ्या आयकॉनचा उजेड त्यांच्या डोळ्यांना लागत असेल, तर त्यांना विचारून, शेजारी बसून डार्क लावून द्या. रंग जागेवर राहतात म्हणून त्यांना ते एका दिवसात जमतं. नाही आवडलं, तर त्याच Customize मध्ये जाऊन Light किंवा Default निवडलं की सगळं पहिल्यासारखं होतं, एकाही आयकॉनची जागा हललेली नसते.

दुसरी विनंती मराठीत अ‍ॅप्स बनवणाऱ्यांना. आपल्याकडची वर्तमानपत्रं, सहकारी बँका, पतपेढ्या, दिनदर्शिका, पंचांगं यांच्या आयकॉनमध्ये अनेकदा संपूर्ण बोधचिन्ह कोंबलेलं असतं, देवनागरीतलं पूर्ण नाव, भोवती वर्तुळ, खाली ब्रीदवाक्य. करड्या छटेत आणि अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेत त्यातलं काहीही उरत नाही. पूर्ण नाव सोडून एकच ठसठशीत अक्षर घ्या. देवनागरीची अक्षरं आकाराने इतकी वेगळी आहेत की ‘ळ’ किंवा ‘ज्ञ’ रंगाशिवायही लांबून ओळखू येतात, फक्त शिरोरेघ पुरेशी जाड ठेवा आणि अक्षराच्या पोटातली पोकळी मोकळी ठेवा. पारदर्शक पार्श्वभूमीचं आणि करड्या छटेचं अशी दोन चित्रं पुढच्या अपडेटमध्ये जोडा, अँड्रॉइडसाठी monochrome चा थर द्या, आणि पाठवण्याआधी फोन Grayscale वर ठेवून हात लांब करून एकदा बघा.